एका अंड्याचे अर्धे कसे करायचे?

सहा कपकेकसाठी मैदा, लोणी आणि साखर प्रत्येकी ५० ग्रॅम आणि एक अंडे लागते. तीनच कपकेक हवे असतील, तर बाकी सारे २५ ग्रॅम घेता येते. अडते ते अंड्यापाशी. पूर्ण अंडे घातले तर केक रबरासारखा चिवट होतो आणि त्याला अंड्याचा वास येतो. अंडे वगळले तर केकचा भुगा होतो.

नुसता बलक घालून का चालत नाही? पांढऱ्यात मुख्यतः पाणी आणि प्रथिने असतात. भाजताना ती घट्ट होऊन केकला आधार देतात. बलकातील स्निग्धांश मऊपणा आणतो. म्हणून अर्ध्या अंड्यात दोन्ही त्याच प्रमाणात यायला हवे.

त्यासाठी अंडे वाटीत फोडून चिमूटभर मीठ घालावे आणि काट्याने फेस न आणता फेटावे. पांढऱ्याच्या तारा दिसेनाशा झाल्या, की मिश्रण एकजीव झाले असे समजावे. मग वजनकाट्यावर निम्मे मोजावे. कवचासह ५० ग्रॅमच्या अंड्यातून साधारण ४४ ग्रॅम मिळते; म्हणजे निम्मे २२ ग्रॅम. काटा नसेल तर मापाचे दीड टेबलस्पून घ्यावे.

साचे तेच असल्याने भाजण्याचा वेळ मात्र निम्मा करू नये. उरलेले अंडे झाकून फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी ऑम्लेटमध्ये संपवावे.