हरवलेला स्क्रीनशॉट आणि ‘देखेंगे’ या एका शब्दाची किंमत

पनवेलमधल्या आमच्या ओळखीच्या एका घरातला हा मसला आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अब्बांचा इंतकाल झाला. मागे अम्मी, दोन भाऊ, एक बहीण आणि साधारण ८० लाखांचा एक फ्लॅट. वाटणीची सगळी बोलणी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाली. बहिणीने त्यातल्या महत्त्वाच्या भागाचे लांबलचक स्क्रीनशॉट काढून एका वकीलसाहेबांना पाठवले. फोनवर अर्धा सल्ला मिळाला आणि पुढचं बोलणं पुढच्या आठवड्यावर गेलं. तेवढ्यात बहिणीचा फोन पाण्यात पडला. वकीलसाहेबांनीही फोन बदलला होता आणि त्यात जुन्या चॅट आल्या नव्हत्या. ते म्हणाले, “काय होतं त्यात ते थोडक्यात लिहून पाठवा, म्हणजे पुढे बोलता येईल.”

आपाने रात्री बसून लिहिलं: “भावांनी मला सहा लाख देऊन हक्क सोडायला सांगितलं. मी राजी झाले, पण आता ते पैसेही देत नाहीत. सगळे माझ्या विरोधात आहेत.”

पाठवण्याआधी त्यांनी ते आम्हाला दाखवलं. आम्ही विचारलं, “आपा, ‘राजी आहे’ असं तुम्ही ग्रुपवर खरंच लिहिलं होतं का?” त्या थांबल्या. म्हणाल्या, “नाही, मी ‘देखेंगे’ लिहिलं होतं. पण भाईजान म्हणतात, त्याचा अर्थ होच होतो.”

इथेच सगळं अडलं होतं. शरीयतच्या वाटणीत अम्मीचा आठवा हिस्सा निघतो आणि उरलेल्यात प्रत्येक मुलाला मुलीच्या दुप्पट मिळतं. म्हणजे ८० लाखांत अम्मीचे १० लाख, दोन्ही भावांचे २८-२८ लाख आणि बहिणीचे १४ लाख. समोर आलेली रक्कम होती सहा लाख. चॅटवर नुसतं ‘हो’ लिहिल्याने फ्लॅटमधला हक्क जात नाही, त्यासाठी नोंदणी केलेलं हक्कसोड पत्र लागतं. पण आपाने स्वतःच्या हाताने वकिलाला ‘मी राजी झाले’ असं कळवलं असतं, तर त्यांनी पुढचा सगळा सल्ला ‘हिने कबूल केलंय’ असं धरूनच दिला असता.

आधी शोधा, मग लिहा

सारांश लिहायला बसण्याआधी मूळ चॅट कुठे उरली आहे का ते बघावं. स्क्रीनशॉट ज्यांना पाठवले त्यांच्याकडे त्या चॅटमध्ये Media, links and docs या ठिकाणी ते सापडू शकतात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला आणि नंतर डिलीट केलेला फोटो ६० दिवस Trash मध्ये राहतो. आणि सर्वात सोपं म्हणजे, स्क्रीनशॉट गेला तरी ग्रुप गेलेला नसतो. त्या काळात ग्रुपमध्ये असलेल्या कुणाच्याही फोनवर ते मेसेज असू शकतात.

अशा माणसाला स्क्रीनशॉट मागण्यापेक्षा पूर्ण चॅटच काढून मागावी. अँड्रॉइडवर ग्रुप उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून More आणि मग Export chat निवडायचं. फोटोंशिवाय काढली तर सुमारे ४०,००० मेसेजपर्यंतची एक साधी मजकुराची फाइल मिळते, प्रत्येक ओळीला तारीख, वेळ आणि नाव असलेली. दोन अडचणी येऊ शकतात. ग्रुपमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल, तर ते २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी सगळ्यांच्या फोनवरून जातात. आणि ग्रुपमध्ये Advanced chat privacy चालू असेल तर चॅट बाहेर काढता येत नाही.

आपाच्या बाबतीत मामेबहिणीच्या फोनवर ग्रुप होता, पण ती ग्रुपमध्ये उशिरा आली होती. त्यामुळे शेवटचा भाग मिळाला. सुरुवातीचा, म्हणजे ‘देखेंगे’ असलेला भाग, आठवणीवरच लिहावा लागला.

‘काय लिहिलं होतं’ आणि ‘काय वाटलं’ वेगळं ठेवा

आम्ही आपांसोबत पुन्हा पहिल्यापासून बसलो. प्रत्येक मेसेजसाठी एक ओळ, आणि प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर. ‘अ’ म्हणजे मेसेज आत्ता समोर दिसतो आहे. ‘ब’ म्हणजे स्वतः वाचला होता, आठवतो, पण समोर नाही. ‘क’ म्हणजे दुसऱ्या कुणी सांगितलं. हदीसच्या अभ्यासात शब्दशः रिवायत आणि अर्थाने केलेली रिवायत यांत जो फरक करतात, तोच इथेही लागतो. शब्द अगदी पक्के आठवत असतील तरच अवतरण चिन्ह टाकायचं. नाहीतर ‘अशा अर्थाचं’ असं लिहायचं.

चॅट ज्या भाषेत होती, त्याच भाषेत शब्द ठेवायचे. आपल्या घरांत एकाच वाक्यात उर्दू, मराठी आणि दखनी असते. ‘देखेंगे’चं मराठीत ‘बघते’ करताना अर्थ थोडा हलतो आणि ‘ठीक आहे’ केलं तर पार बदलतो. अंगठ्याच्या खुणेचंही तसंच. ती कुणी टाकली आणि कोणत्या मेसेजवर टाकली हे लिहायचं, तिचा अर्थ आपण लावायचा नाही.

तारीख आठवत नसेल तर अंदाजे तारीख ठोकून देऊ नये. जवळची खूण लिहावी: रमजानचा चौथा-पाचवा रोजा, इफ्तारनंतर. त्या दिवशी कुणी यूपीआयने पैसे पाठवले असतील, तर बँकेच्या नोंदीवरून तारीख पक्की होते.

शेवटी तयार झालेला कागद असा होता:

“लिहिणारी: बहीण. मूळ १४ स्क्रीनशॉट गेले. पहिल्या चार नोंदी आठवणीवर आहेत, शेवटच्या दोन मामेबहिणीच्या फोनवरून.

१. (ब) रमजानच्या चौथ्या-पाचव्या रोज्याला मोठ्या भावाने लिहिलं, फ्लॅट दोघा भावांच्या नावावर करू, तुला सहा लाख देऊ, अशा अर्थाचं.

२. (ब) त्यावर मी लिहिलं ‘देखेंगे’. हा शब्द नक्की. आणखी काही लिहिल्याचं आठवत नाही.

३. (ब) छोट्या भावाने अंगठा टाकला. भाईजानच्या मेसेजवर की माझ्या, ते आठवत नाही.

४. (क) अम्मीने आवाजी मेसेज टाकला होता, ‘मुलीला तिचं पूर्ण द्या’ अशा अर्थाचा. मी ऐकला नाही, खालाने सांगितलं.

५. (अ) ईदनंतर चौथ्या दिवशी मोठा भाऊ: ‘तूने हाँ बोला था, अब साइन कर।’

६. (अ) त्याच दिवशी मी: ‘पहले पैसे दो।’

वकीलसाहेबांनी आधी सांगितलेलं: कशावरही सही करू नका, फ्लॅटची कागदपत्रं कुणाकडे आहेत ते पाहा. उरलेला प्रश्न: माझं बोलणं कबुली धरलं जाईल का?”

सहावी ओळ लिहायला आपा तयार नव्हत्या. ‘पहले पैसे दो’ हे त्यांच्या विरोधात जातं, कारण त्याचा अर्थ सौदा मान्य होता असाही लागू शकतो. आम्ही ती ठेवायला लावली. आपल्या विरोधातली ओळ वकिलाला समोरच्या बाजूकडून कळली, तर तोवर दिलेला सल्ला वाया जातो. वकीलसाहेबांनी पहिला प्रश्न नेमका त्याच ओळीवर विचारला.

‘सगळे माझ्या विरोधात आहेत’ हे वाक्यही आम्ही फेकलं नाही, कागदाच्या शेवटी ‘मला काय वाटतं’ या वेगळ्या मथळ्याखाली ठेवलं. ते लिहिताना आपांच्याच लक्षात आलं की चौथी ओळ खरी असेल, तर अम्मी त्यांच्या बाजूने आहेत.

पाठवण्याआधी कागद मामेबहिणीला वाचायला दिला. तिला शेवटच्या दोन ओळीच माहीत होत्या, त्या तिने ताडून पाहिल्या. दुसऱ्याची आठवण वेगळी निघाली तर आपली ओळ बदलायची नाही, त्याचं म्हणणं खाली जोडायचं.

हा कागद कुठवर चालतो

असा सारांश सल्ल्यासाठी आहे. वकील, काझी किंवा घरातले बुजुर्ग यांना पुढे बोलायला तो पुरतो. कोर्टात मात्र तो मूळ चॅटची जागा घेऊ शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार फोनमधल्या नोंदीची प्रत पुरावा म्हणून देताना तिच्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग प्रत देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो.

जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राचा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातल्याच खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे आला होता. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून दिलं होतं. जुलै २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की प्रतीसाठी प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र मूळ उपकरणच त्याच्या मालकाने कोर्टापुढे आणलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

म्हणून ज्या फोनवर चॅट शिल्लक आहे तो विकू नये, रिसेट करू नये आणि त्यातलं व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकू नये, कारण शेवटच्या बॅकअपनंतरचे मेसेज त्यात जातात. मामेबहिणीला आम्ही एवढंच सांगितलं की हा फोन सध्या आहे तसा राहू दे.

आणखी एक मोह होतो. नकली चॅट बनवणारी ॲप मिळतात आणि ‘होतं तेच तर पुन्हा बनवतोय’ असं वाटतं. हरवलेला स्क्रीनशॉट असा कधीही बनवू नये. मजकूर खरा असला तरी चित्र खोटं असतं, आणि खोटा पुरावा तयार करणं हा गुन्हा आहे. ते उघडकीला आलं की तुमच्या खऱ्या ओळींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

वकीलसाहेबांनी कागद वाचून आपांना सांगितलं की ‘देखेंगे’ला कबुली म्हणता येत नाही आणि ‘पहले पैसे दो’चा खुलासा आत्ताच लेखी करून ठेवावा. आपांनी त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं की सहा लाखांना त्यांनी संमती दिलेली नाही आणि वाटणी हिशेबाने व्हावी. भाईजानचं उत्तर अजून आलेलं नाही. अम्मीचा आवाजी मेसेज खालाच्या फोनवर आहे का, ते पाहायला आपा या जुम्याला तिच्याकडे जाणार आहेत. तो सापडला, तर चौथ्या ओळीपुढचं ‘क’ खोडून ‘अ’ लिहिता येईल.