आंबेनळी घाट आणि रेणूंचा हिशेब

मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी महाड-पोलादपुरात अंगाची लाही होते आणि आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला पोचलं की जीव थाऱ्यावर येतो. उंचावर गार असतं, एवढं म्हणून आपण गप्प बसतो. पण नेमकं किती गार, असं विचारलं की उत्तर थेट नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपाशी जाऊन पोचतं.

सावित्रीच्या खोऱ्यातली तापलेली हवा वर चढते तसा भोवतालचा दाब कमी होतो आणि ती फुगते. फुगताना आजूबाजूच्या हवेला रेटावं लागतं. या कामाची किंमत ती स्वतःच्याच उष्णतेतून चुकवते. किती अंशांनी गार व्हायचं, हे मग एका आकड्यावर ठरतं: दाब कायम ठेवून एक किलो हवा एका अंशाने तापवायला लागणारी ऊर्जा. मोजून पाहिली तर ती सुमारे 1,005 ज्यूल भरते. गुरुत्वत्वरण 9.8 ला याने भागलं की किलोमीटरमागे पावणेदहा अंश येतात. पोलादपूर पायथ्याशी, महाबळेश्वर साधारण 1,350 मीटरवर. म्हणजे 1,300 मीटरच्या चढाला साडेबारा अंशांहून थोडं जास्त. हे कोरड्या, चढत्या हवेचं गणित आहे. जुलैत घाटात धुकं दाटलं की वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि घट बरीच कमी होते. ढग जिथून सुरू होतो, तिथून हे गणित बदललं असं समजावं.

आता हे 1,005 आले कुठून? कोरड्या हवेचा 99 टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे दोन अणूंचे रेणू. असा रेणू तीन दिशांनी धावतो, दोन अक्षांभोवती फिरतो आणि त्याचे अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे मागेपुढे कंपही पावतात. समविभाजनाचा नियम म्हणतो की तापमान वाढलं की या प्रत्येक हालचालीला ऊर्जेचा सारखा वाटा मिळतो. कंपनाला मात्र दोन वाटे, एक गतीचा आणि एक ताणाचा. असे सातही वाटे धरले तर किलोला सुमारे 1,290 ज्यूल लागायला हवेत आणि घाटातली घट किलोमीटरला साडेसात अंशांच्या आसपास यायला हवी. नुसतं धावणं धरलं तर ती पावणेचौदाच्या घरात जाते. मोजलेला आकडा बरोबर पाच वाट्यांचा आहे. धावणं आणि फिरणं हिशेबात आहे, कंपन गायब.

ही विसंगती जुनी आहे. 1860 मध्ये मॅक्सवेलला ती आपल्या सिद्धांतावरचं मोठं संकट वाटली. 1876 मध्ये बोल्ट्झमनने रेणू म्हणजे न वाकणारा डंबेल मानून पाच वाटे जुळवले. आकडा जमला, पण अणू का हलू नयेत याचं उत्तर काही मिळालं नाही.

उत्तर पुंजवादाने दिलं. कंपनाला ऊर्जा हवी तेवढी थोडी थोडी घेता येत नाही, ठरावीक आकाराच्या हप्त्यांतच घ्यावी लागते. एसटीत कंडक्टर फक्त पाचशेची नोट घेतोय आणि प्रवाशांच्या खिशात दहा-वीसच्या नोटा आहेत, तसा हा प्रकार. नायट्रोजनच्या कंपनाचा हप्ता खोलीच्या तापमानाला सहज हाती येणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे अकरा पट आहे, त्यामुळे लाखात एखाद-दुसराच रेणू कंपनाच्या वरच्या पायरीवर असतो. फिरण्याचे हप्ते फार लहान, म्हणून तो वाटा पूर्ण मिळतो. दोन अणूंना जोडणाऱ्या रेषेभोवती फिरण्याचा हप्ता मात्र प्रचंड, म्हणून तिसरं फिरणं मोजायचं कारणच नाही.

हप्त्याची गोष्ट खरी असेल तर वायू पुरेसा थंड केल्यावर फिरणंही थांबलं पाहिजे. हायड्रोजन हलका, त्याचे हप्ते त्यातल्या त्यात मोठे. 1912 मध्ये ऑयकेनने तो गार करत नेला, तेव्हा शून्याखाली दोनशे अंशांच्या आसपास त्याची उष्माधारकता नुसत्या धावणाऱ्या एकअणू वायूइतकी उरली. उलट बाजूचं उदाहरण क्लोरीनचं. त्याचे अणू जड आणि बंध सैल, त्यामुळे हप्ता लहान. खोलीच्या तापमानालाच त्याचं कंपन आपल्या पूर्ण वाट्याच्या निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा घेतं. म्हणजे पाच किंवा सात असे साफ आकडे निसर्गात नेहमी सापडतातच असं नाही. दोन टप्प्यांमधला चढ बऱ्याचदा सावकाश असतो.

हवेचं कंपन जागं झालेलं पाहायचं तर याच घाटात पहिल्या गिअरमध्ये रखडणारा डिझेल ट्रक बघावा. समजा सिलिंडरमध्ये 47 अंशांची हवा सतराव्या हिश्शात दाबली. पाच वाट्यांचं पुस्तकी सूत्र म्हणतं, ती सुमारे 720 अंशांना पोचेल. पण तापता तापता ऑक्सिजन आणि मागोमाग नायट्रोजन कंपनाकडे ऊर्जा वळवू लागतात. तो वाटा धरला तर, बाहेर काहीही उष्णता न निसटता, हवा 660 अंशांच्या आसपासच थांबते. डिझेल पेटायला तेवढं पुरतं, पण इंजिन आखणाऱ्याला तापमानागणिक बदलणाऱ्या उष्माधारकतेचे तक्ते हाताशी ठेवावे लागतात. एकच आकडा घेऊन बसला तर ज्वलनानंतरच्या दोन हजार अंशांपाशी त्याची चूक आणखी मोठी होते.