मौखिक परीक्षेची तयारी : स्वतःच्या अहवालातून प्रश्नसूची

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधावरील मौखिक परीक्षेत बहुतेक प्रश्न विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अहवालातूनच निघतात. म्हणून परीक्षेपूर्वी अहवालाचे एकेक पान वाचावे आणि प्रत्येक निर्णयापुढे ‘हेच का?’ असा प्रश्न लिहावा. वहीत तीन रकाने आखावेत : प्रश्न, पृष्ठ क्रमांक आणि उत्तराचे संकेतशब्द. संकेत चार-पाच शब्दांचाच असावा. पूर्ण वाक्ये पाठ केली, तर परीक्षकांनी प्रश्न थोडा फिरवून विचारताच विद्यार्थी अडखळतो.

समजा, उर्दू माध्यमाच्या सातवीतील विद्यार्थ्यांच्या मराठी लेखनातील ‘न-ण’ व ‘ल-ळ’ या चुकांवर उपचारात्मक कार्यक्रम घेतला आहे. एकाच शाळेच्या दोन तुकड्या, प्रत्येकी ३० विद्यार्थी. उत्तरचाचणीत २५ पैकी प्रायोगिक गटाचे मध्यमान १७.६, नियंत्रित गटाचे १५.२ आणि दोन्हींचे प्रमाण विचलन ४ आहे. टी-मूल्य २.३२ येते.

पहिला प्रश्न : हीच अक्षरे का निवडली? संकेत : ‘उर्दू लिपी – ण, ळ स्वतंत्र अक्षर नाही’. एवढ्यावरून विद्यार्थी दोन वाक्ये सहज बोलू शकतो.

दुसरा प्रश्न : शून्य परिकल्पना का त्यागली? संकेत : ‘स्वाधीनता मात्रा ५८, सारणीमूल्य २.००, २.३२ मोठे’. यालाच जोडून प्रश्न येतो : ०.०१ स्तरावर काय? तेथे सारणीमूल्य सुमारे २.६६ आहे, म्हणून परिकल्पना त्यागता येत नाही. अहवालात केवळ ‘फरक सार्थ आहे’ असे लिहिले असेल, तर विद्यार्थी येथे हमखास गडबडतो. संकेतात ‘फक्त ०.०५’ हे शब्द अधोरेखित करावेत.

तिसरा प्रश्न : हा परिणाम कार्यक्रमाचाच कशावरून? संकेत : ‘तयार तुकड्या, यादृच्छिक निवड नाही, पूर्वचाचणी पृ. __’. पूर्वचाचणीत दोन्ही गट जवळपास समान असतील, तर ती सारणी दाखवावी. नसतील, तर मर्यादा मान्य करावी. ‘कार्यक्रम परिणामकारक असल्याचे सिद्ध झाले’ असे म्हणू नये. ‘या न्यादर्शापुरता फरक आढळला’ असे म्हणावे. सर्व उर्दू शाळांसाठी निष्कर्ष लागू होतो का, या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे.

सूची भरताना एखाद्या प्रश्नापुढे पृष्ठ क्रमांक लिहिता येत नसेल, तर अहवालात ती बाब राहिलेली आहे असे समजावे. ती झाकण्याऐवजी ‘हे नोंदवले नाही, कारण…’ असा प्रामाणिक संकेत तयार ठेवावा.

शेवटी वही सहाध्यायाच्या हाती द्यावी. त्याने क्रम मोडून व शब्द बदलून प्रश्न विचारावेत. संकेताकडे न पाहता अर्ध्या मिनिटात मुद्दा सांगता आला, तर तो प्रश्न तयार झाला. जेथे आकडा चुकतो किंवा उत्तर लांबते, त्या पृष्ठाकडे पुन्हा वळावे.