बारा तासांच्या ड्युटीचे बूट

आज बोलायचं आहे ते बुटांबद्दल. मी मूळचा साताऱ्याचा, पण बरीच वर्षं नोएडात बूट बनवणाऱ्या कारखान्यात काढली. काम फर्म्यांचं. फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा तो ठोकळा, ज्यावर बूट ओढून शिवतात. त्यामुळे नातेवाइकांत कुणाचे पाय दुखले की फोन मला येतो.

गेल्या उन्हाळ्यात असाच भाचीचा फोन आला. ती गुरुग्रामच्या एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. सकाळी आठ ते रात्री आठ ड्युटी. म्हणाली, "मामा, रात्री खोलीवर आले की बोटं बधिर झालेली असतात आणि सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ येते. चांगले बूट सांग ना." मी विचारलं, आत्ता काय घालतेस? तर पांढऱ्या बेली. बिननाडीच्या, पातळ तळाच्या, चार नंबरच्या.

मी तिला म्हटलं, नवे बूट नंतर, आधी पाय मोजू. रविवारी तिची ड्युटी संपल्यावर मी पट्टी आणि वह्या घेऊन गेलो. रात्रीच का? कारण दिवसभर उभं राहिल्यावर पायात पाणी उतरतं आणि पाऊल फुगतं. सकाळी मोजलेला पाय हा ड्युटीच्या शेवटच्या चार तासांचा पाय नसतो. तिला मोजे घालून कागदावर उभं केलं. टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. उजवं पाऊल 238 मिलिमीटर, डावं 240. बहुतेकांचे दोन पाय असे थोडे वेगळे असतात आणि बूट घ्यायचा तो मोठ्या पायाचा. चवड्याचा, म्हणजे बोटांच्या मुळाशी जो रुंद भाग असतो त्याचा घेरही घेतला. सकाळी तिनं स्वतः मोजला होता त्यापेक्षा तो सहा मिलिमीटर जास्त भरला.

आता हिशेब बघा. बोटांपुढे साधारण 12 मिलिमीटर जागा मोकळी हवी, कारण चालताना पाऊल बुटात पुढे सरकतं. 240 अधिक 12 म्हणजे 252 मिलिमीटरचा फर्मा. आपल्याकडे चालतो तो ब्रिटिश नंबर. त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, जवळपास साडेआठ मिलिमीटर. 252 मिलिमीटरमध्ये अशी पावणेतीस मापं बसतात. मोठ्यांच्या नंबरासाठी त्यातून 25 वजा करतात. उरले पावणेपाच, म्हणजे पाच नंबर. भाची घालत होती चार. त्यात बोटांपुढे जागा उरत होती जेमतेम साडेपाच मिलिमीटर. शाळेपासून चार नंबर, म्हणून तोच नंबर. बोटं बधिर होण्याचं अर्धं कारण इथेच सापडलं.

उरलेलं अर्धं कारण रुंदीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभर पावलांची मापं घेतली, त्यात आपली पावलं युरोपीय पावलांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. बाजारातले बरेच बूट मात्र परदेशी फर्म्यांवर बनतात. मग लोक रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेतात आणि टाच आत खेळत राहते. यावर साधी युक्ती आहे. दुकानात बुटातला सुकतळा बाहेर काढा आणि त्याच्यावर उभे राहा. पाऊल कडेनं बाहेर डोकावलं, तर तो बूट तुमचा नाही, नंबर काहीही असो.

आता बेलीबद्दल. तिला वरून पकडणारं काही नसतं. पाऊल सुटू नये म्हणून बोटं आतून ती पकडून धरतात. आपल्याला ते कळतही नाही, पण बारा तास बोटं आणि तळव्याचे स्नायू हेच काम करतात. म्हणून माझी पहिली अट नाडी किंवा पट्टा. बूट पावलाला वरून, घोट्याच्या पुढच्या उंचवट्यावर धरला गेला पाहिजे, म्हणजे बोटं मोकळी राहतात.

मग आम्ही दुकानात गेलो. तिथे तिला सर्वांत मऊ बूट आवडला. अंगठा दाबला की सुकतळा लोण्यासारखा आत जायचा. मी तो परत ठेवायला लावला. इतका मऊ फोम दोन मिनिटांत सुखाचा वाटतो, पण तासन् तास भार आणि पायाची ऊब मिळाली की चपटा होतो आणि पाय खालच्या कडक तळावर येतो. मी तीन गोष्टी तपासतो. बूट दोन्ही हातांनी वाकवला की चवड्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. ओल्या फडक्यासारखा पिळला जाऊ नये. आणि टाचेमागची भिंत चिमटीत दाबली तर ती कोसळू नये. या तिन्हींत उतरला, की मग मऊपणा बघायचा.

रुग्णालयात आणखी दोन गोष्टी लागतात. एक, वरचा भाग बंद हवा. जाळीचा बूट हवेशीर असतो, पण रक्त, औषध किंवा हातातून निसटलेली सुई त्यातून आत जाते. म्हणून सलग, ओल्या फडक्यानं पुसता येणारा. दुसरी, घसरण. फरशी पुसल्यावर लगेच त्यावरून पळावं लागतं. तळ नुसत्या हलक्या फोमचा असेल तर खाचा लवकर झिजून तो गुळगुळीत होतो. खाली रबर हवं आणि खाचा बुटाच्या कडेपर्यंत उघड्या हव्यात, म्हणजे पाणी बाहेर निघतं.

शेवटी पाच नंबरचा, रुंद चवड्याचा, नाडीचा पांढरा बूट घेतला. आठवडाभरानं दुसरा जोड घेतला. घामानं भिजलेला बूट एका रात्रीत आतून वाळत नाही, म्हणून जोड आलटून पालटून घालायचे. ते रुग्णालयातल्या लॉकरमध्येच राहतात, मेट्रोला चप्पल वेगळी.

बोटांचा बधिरपणा दहा दिवसांत गेला. टाचेची कळ मात्र राहिली. सकाळच्या पहिल्या पावलाला येणारी कळ ही बहुधा तळव्याच्या जाड पडद्याची सूज असते आणि ती नुसत्या बुटानं जात नाही. ती फिजिओथेरपिस्टकडे गेली, पोटरी ताणायचे व्यायाम सुरू केले, तेव्हा दोन-तीन महिन्यांत उतार पडला. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, तर बुटांचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

जोड कधी बदलायचा, हे भाचीनं विचारलंच. बूट टेबलावर ठेवून मागून बघ म्हटलं. तो एका बाजूला कलला, किंवा तळाच्या फोमवर कडेनं सुरकुत्या पडून राहिल्या, की वरून कितीही पांढराशुभ्र दिसो, त्याची नोकरी संपली. परवा तिनं फोटो पाठवला. डावा बूट कललेला होता. खाली लिहिलं होतं, "मामा, हा रिटायर."