वळणाचा कल आणि गाडीचा वेग

वळणावर रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवतात. या आडव्या कलाला रस्तेबांधणीत सुपरएलिव्हेशन आणि पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात बँकिंग म्हणतात. घाटातले १०० मीटर त्रिज्येचे एक वळण डोळ्यांसमोर आणावे. रस्ता ७ मीटर रुंद आहे आणि बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा ७० सेंटिमीटर वर आहे. म्हणजे कल १० टक्के आणि कोन सुमारे ५.७ अंश. हा उंचीचा फरक लिहिण्याच्या टेबलाएवढा असला तरी रस्त्याच्या पूर्ण रुंदीत पसरलेला असल्याने गाडीत बसलेल्याला तो सहसा जाणवत नाही.

गाडी वळते तेव्हा तिला सतत वळणाच्या केंद्राकडे ओढणारे बल लागते. हे अभिकेंद्री बल. ते मिळाले नाही तर गाडी सरळ रेषेत पुढे जाते, म्हणजेच वळणाबाहेर पडते. सपाट रस्त्यावर हे सगळे बल टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणालाच पुरवावे लागते. रस्ता कलता असला की चित्र बदलते. रस्ता गाडीला स्वतःच्या पृष्ठभागाशी काटकोनात वर रेटतो आणि हा रेटा आता सरळ उभा न राहता किंचित आत झुकतो. त्याचा उभा भाग गाडीचे वजन पेलतो, आडवा भाग तिला वळवतो.

आधी घर्षण अजिबात नाही असे धरू. उभ्या दिशेचे समीकरण N cosθ = mg आणि आडव्या दिशेचे N sinθ = mv²/r. दुसऱ्याला पहिल्याने भागले की

v² = r g tanθ

यात गाडीचे वस्तुमान उरतच नाही. रिकामी जीप असो की भरलेला ट्रक, उत्तर एकच. आपल्या वळणाचे आकडे घातले तर १०० × ९.८ × ०.१ म्हणजे ९८, आणि त्याचे वर्गमूळ सेकंदाला ९.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३६ किलोमीटर. घर्षणाविना या वळणावर टिकणारा वेग हा एवढा एकच. त्याहून हळू गेलेली गाडी उतारावरून आत घसरेल, वेगाने गेलेली वर चढत बाहेरच्या कडेकडे सरकेल.

घर्षण आले की या एका वेगाच्या जागी वेगांचा पट्टा तयार होतो. गाडी ३६ पेक्षा वेगात असेल तर ती बाहेर सरकू पाहते, म्हणून घर्षण आतल्या बाजूला, उताराच्या दिशेने लागते आणि वळवण्याच्या कामात हातभार लावते. ती ३६ पेक्षा हळू असेल तर आत घसरू पाहते आणि तेच घर्षण दिशा बदलून तिला वर धरून ठेवते. बरोबर ३६ ला आडव्या घर्षणाला काही कामच नसते. घर्षणांक μ धरला तर पट्ट्याची दोन टोके अशी मिळतात:

वरची मर्यादा: v² = r g (tanθ + μ) / (1 − μ tanθ)

खालची मर्यादा: v² = r g (tanθ − μ) / (1 + μ tanθ)

कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो. तेवढा धरला तर वरची मर्यादा ताशी १०४ किलोमीटर येते. ओल्या रस्त्यावर तो ०.४ धरला तर ८१. खालच्या सूत्रात मात्र दोन्ही वेळा कंसातली वजाबाकी ऋण होते. याचा अर्थ खालची मर्यादा उरलीच नाही: घर्षणांक कलापेक्षा मोठा असल्याने वळणावर थांबलेली गाडीही जागची हलत नाही.

रस्ता गोठला की हे पालटते. ओलसर बर्फावर घर्षणांक ०.०५ पर्यंत उतरू शकतो. त्याच वळणावर आता वरची मर्यादा ४४ आणि खालची २५ येते. २५ च्या खाली आलेली गाडी आत घसरू लागेल. बंद पडून उभी राहिलेली तर नक्कीच घसरेल. ब्रेक लावून सावकाश जावे हा एरवीचा शहाणपणा इथे उलटा पडू शकतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ रस्त्यांना कमाल १० टक्के कल चालतो, पण बर्फ पडणाऱ्या भागात ७ टक्क्यांवर थांबावे लागते, त्यामागचे गणित हेच आहे. ७ टक्क्यांना खालची मर्यादा २५ वरून १६ वर येते.

मग १०४ किंवा ८१ ने जायला हरकत नाही का? आहे, आणि मोठी आहे. टायरची पकड एकच असते. तीच वळवायलाही लागते आणि थांबवायलाही. ८१ ने जाताना ती सगळी वळण्यातच खर्ची पडली असेल, तर समोर गाय आल्यावर ब्रेकसाठी काही शिल्लक राहत नाही. शिवाय टायर गुळगुळीत झालेले असतात, वळणावर खडी पडलेली असते, पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते. म्हणून मानकात आडव्या घर्षणासाठी फक्त ०.१५ एवढाच वाटा धरतात. त्याने आपल्या वळणाची मर्यादा ५७ येते. असे वळण ५० च्या वेगासाठी आखले तर कलाने ३६ पर्यंतचे काम उचललेले असते, उरलेल्यासाठी सुमारे ०.१० एवढे घर्षण पुरते आणि थोडी पकड हाती राहते.

उंच भरलेल्या वाहनाचा प्रश्न आणखी वेगळा आहे, कारण ते घसरण्याआधी उलटू शकते. चाकांमधले निम्मे अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची, हे गुणोत्तर वरच्या सूत्रात μ च्या जागी घालायचे. उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रकसाठी ते ०.९ भागिले २, म्हणजे ०.४५ धरले, तर कोरड्या रस्त्यावर कार १०४ ला घसरेल तिथे हा ट्रक ८५ लाच उलटायला येतो. प्रत्यक्षात स्प्रिंगांवर ट्रक बाहेर कलतो, भार सरकतो, त्यामुळे तो त्याही आधी उलटतो. कल हवा तितका वाढवून हा प्रश्न सुटत नाही. उंच भरलेली बैलगाडी किंवा चढणीला रखडणारा ट्रक फार कलत्या वळणावर आतल्या बाजूला उलटण्याची भीती असते.

बांधताना किंवा दुरुस्तीत होणारी एक चूक या साऱ्या हिशेबावर पाणी टाकते. सरळ रस्ता पाणी वाहून जावे म्हणून मध्ये उंच आणि दोन्ही कडांना सुमारे अडीच टक्के उतरता ठेवतात. वळण येण्याआधी बाहेरचा अर्धा भाग हळूहळू उचलून सगळा रस्ता एकाच बाजूला कलता करायचा असतो. तो तसाच राहिला तर बाहेरच्या लेनवर कल उलटा पडतो. आपल्या वळणावर tanθ उणे ०.०२५ होतो आणि ०.१५ घर्षणाची मर्यादा ५७ वरून थेट ४० वर येते. कोपऱ्यावरच्या पाटीवर मात्र ५० च लिहिलेले राहते. हा दोष पावसात नुसत्या डोळ्यांनी कळतो. नीट बांधलेल्या वळणावर सगळे पाणी आतल्या कडेकडे वाहते. रस्त्याच्या मधोमध पाणी दुभंगून अर्धे बाहेरच्या कडेला जात असेल, तर त्या लेनमधल्या गाडीला रस्ताच बाहेर ढकलत असतो.