दोन्ही टोकं सरकतात तेव्हा

गाउसनं १८४९ साली एंके या खगोलशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात आपल्या पोरवयातल्या एका उद्योगाची हकीकत सांगितली आहे. १७९२-९३ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, तो मूळ संख्यांची कोष्टकं घेऊन बसायचा आणि हजार-हजारांच्या गटात किती मूळ संख्या सापडतात ते मोजायचा. मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं की t या संख्येच्या आसपास मूळ संख्यांची दाटी साधारण 1/ln t इतकी असते. इथे ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. शंभराच्या आसपास ln t सुमारे ४.६ असतो, म्हणून तिथे साडेचार-पाच संख्यांमागे एक मूळ संख्या मिळते. हा अंदाज पुढे १८९६ साली आदामार आणि द ला व्हाले-पूसँ यांनी सिद्ध केला.

दाटी कळली की बेरीज करता येते. एखाद्या संख्येपासून तिच्या वर्गापर्यंत किती मूळ संख्या असतील? त्यासाठी 1/ln t चं x पासून x² पर्यंत संकलन करायचं:

F(x) = ∫ 1/ln t dt, खालची मर्यादा x, वरची x²

x दहा घेतला तर हे उत्तर सुमारे २४ येतं. प्रत्यक्षात दहा ते शंभर या टप्प्यात २१ मूळ संख्या आहेत, म्हणजे इतक्या लहान आकड्यांनाही अंदाज बरा लागतो. आता पुढचा प्रश्न असा: x थोडासा वाढवला तर F(x) किती वेगानं बदलेल? थोडक्यात, F चं विकलन काय?

बारावीत शिकलेला मूलभूत प्रमेयाचा नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही. खालची मर्यादा स्थिर असेल आणि वरची नुसती x असेल, तर विकलन म्हणजे आतलंच फलन, t च्या जागी x घालून, एवढंच तो सांगतो. इथे तर दोन्ही टोकं सरकतात आणि वरचं टोक x² च्या चालीनं सरकतं. आधी संकलन सोडवून मग विकलन करावं म्हटलं तर तीही वाट बंद आहे, कारण 1/ln t चं संकलन ओळखीच्या फलनांच्या सूत्रात लिहिताच येत नाही.

उपाय सोपा आहे आणि मला तो फार देखणा वाटतो. मध्ये एक स्थिर संख्या घ्यायची आणि संकलन तिथे तोडायचं. आपण २ घेऊ. x पासून २ पर्यंत एक तुकडा आणि २ पासून x² पर्यंत दुसरा. पहिल्या तुकड्याच्या मर्यादा उलटवल्या की त्याचं चिन्ह बदलतं. २ पासून x पर्यंतच्या संकलनाला G(x) म्हटलं तर

F(x) = G(x²) − G(x)

आता प्रत्येक तुकड्यात एकच टोक सरकतं, त्यामुळे नियम चालतो. G चं विकलन 1/ln x. G(x²) मध्ये मात्र x च्या जागी x² बसला आहे, म्हणून साखळी नियमानं, म्हणजे कॉलेजातल्या चेन रूलनं, x² चं विकलन 2x गुणावं लागतं:

F′(x) = 2x/ln(x²) − 1/ln x

ln(x²) म्हणजे 2 ln x, म्हणून हे आवरून (x − 1)/ln x एवढंच उरतं. संकलन न सोडवता त्याच्या बदलाचा वेग हाती आला. तोडायला घेतलेला २ उत्तरात कुठेच नाही. त्याच्याऐवजी ५ घेतला असता तर दोन्ही तुकड्यांत एकाच ठरावीक संख्येचा फरक पडला असता आणि वजाबाकीत तो गेला असता. तोडण्याची जागा दोन टोकांच्या मधेच हवी असंही नाही. x दहा असताना टप्पा दहा ते शंभर असतो आणि २ त्याच्या बाहेर पडतो. तरीही हिशेब बिनचूक राहतो, कारण २ पासून १० पर्यंतचा भाग दोन्ही तुकड्यांत येतो आणि कटतो.

हे खरंच घडतं का ते मूळ संख्या मोजूनच पाहू. x चं मूल्य १० असताना वरच्या टोकाचा वाटा 20/ln 100, म्हणजे सुमारे ४.३४ आणि खालच्या टोकाचा 1/ln 10, म्हणजे ०.४३. वजाबाकी ३.९१. आता x दहावरून अकरा करा. ‘दहाच्या पुढे शंभरपर्यंत’ हा टप्पा ‘अकराच्या पुढे एकशेएकवीसपर्यंत’ असा होतो. वरच्या बाजूनं १०१, १०३, १०७, १०९ आणि ११३ या पाच मूळ संख्या नव्यानं आत येतात आणि खालच्या बाजूनं ११ ही एकच बाहेर जाते. एकवीसच्या पंचवीस झाल्या, निव्वळ वाढ चार. सूत्रातली बेरीज आणि वजाबाकी इथे बोटांवर मोजता येते.

चूक बहुतेक वेळा 2x विसरण्यात होते. तो गाळला तर उत्तर −1/(2 ln x) येतं आणि x दहा असताना ते ऋण असतं. म्हणजे टप्पा वाढताना मूळ संख्या घटल्या पाहिजेत! उत्तराचं चिन्ह असं पडताळून पाहिलं की विसरलेला गुणक लगेच सापडतो. खालच्या टोकाचं वजा चिन्ह राहून गेलं तर मात्र चिन्हावरून कळत नाही. तिथे आकडाच घालून बघावा लागतो.

दुसरी चूक जास्त लपलेली असते. सवयीनं पुष्कळजण शून्यापाशी तोडतात. इथे ते चालत नाही. t एकाच्या जवळ जाताना ln t शून्याकडे जातो आणि 1/ln t अमर्याद वाढतो. शून्यापासून शंभरापर्यंतचं संकलन त्या १ वरून जातं आणि त्याला मर्यादित उत्तरच नसतं. १ पाशी तोडलं तरी तीच गत. म्हणून तोडण्याची जागा अशी हवी की तिथून दोन्ही टोकांपर्यंत आतलं फलन कुठेही तुटत नाही. x एकापेक्षा मोठा असेल तर २ चालतो. x शून्य आणि एक यांच्या मध्ये असेल तर दोन्ही टोकं एकाच्या खाली राहतात, आणि तिथे 1/2 घ्यावा. विकलनाचं सूत्र तेच येतं.

ही रीत कुठे थांबते तेही सांगायला हवं. आतल्या फलनातच x बसला असेल, उदाहरणार्थ x पासून x² पर्यंत sin(xt)/t चं संकलन, तर नुसती टोकं पाहून भागत नाही, कारण x हलला की आतली वक्ररेषाही हलते. लायबनिझच्या नियमात त्यासाठी वेगळं पद येतं. पण या उदाहरणात एक पळवाट आहे. xt ला u म्हणा. आतलं फलन sin u/u होतं, x आतून निघून जातो आणि मर्यादा x² व x³ होतात. sin u/u शून्यापाशी १ कडे जातं, अमर्याद होत नाही, म्हणून इथे खुशाल शून्यापाशी तोडा. वरचं टोक 3x²·sin(x³)/x³ देतं, खालचं 2x·sin(x²)/x², आणि वजाबाकी करून उत्तर येतं

(3 sin x³ − 2 sin x²)/x