तक्रार वर कधी पाठवायची? (लेखांक ६)

मागच्या भागात प्रत्येक तक्रारीला क्रमांक कसा द्यायचा ते पाहिलं. आता त्यातली कोणती तक्रार पहिल्या पायरीवर मिटवायची आणि कोणती वर पाठवायची, हे ठरवू. ऑर्डरी थोड्या असतात तोवर मालक स्वतःच फोन घेतो. त्या वाढल्या की फोन नव्या मुलांकडे जातो आणि मग न ठरवताच एक नियम रुजतो: जो जास्त ओरडेल त्याची तक्रार वर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हा नियम धोक्याचा आहे.

समजा, एका ग्राहकानं अगदी शांतपणे लिहिलं, 'पॉवर बँक थोडी फुगल्यासारखी वाटते, बदलून मिळेल का?' पहिल्या पायरीवरचा मुलगा नेहमीप्रमाणे कुरिअरला पिकअप सांगून मोकळा होतो. पण फुगणं म्हणजे लिथियम सेलच्या आत वायू साठलेला असतो. असा सेल दाबला गेला किंवा टोचला गेला, तर पेट घेऊ शकतो. आणि आपण तो कुरिअरच्या पोत्यात घालायला सांगितलेलं असतं!

म्हणून फुगणं, धूर, जळका वास, ठिणगी, शॉक यांपैकी काहीही तक्रारीत दिसलं, की ती मधली पायरी ओलांडून थेट प्रमुखाकडे जावी. त्यानं लगेच फोन करून सांगावं: चार्जिंग बंद करा, दाबू किंवा टोचू नका, जळाऊ सामानापासून दूर ठेवा, फोटो आणि बॅच क्रमांक पाठवा. वस्तू परत न मागता पैसे द्यावेत आणि ती ई-कचरा केंद्रात देण्याची सोय करावी. मग त्याच बॅचच्या जुन्या तक्रारी शोधाव्यात. आणखी एक जरी सापडली, तरी विक्री थांबवून पुरवठादाराला कळवावं.

बाकीच्या तक्रारी घड्याळावर चालतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. गोची होते ती 'सर्व्हिस सेंटरच्या उत्तराची वाट पाहत आहोत' या शेऱ्यानं. अनेक दुकानांत हा शेरा पडला की तिकिटाचं घड्याळ थांबवतात. कायद्याचा महिना मात्र चालूच राहतो. घड्याळ थांबवू नका. सात दिवसांत सेंटरचं उत्तर आलं नाही, तर तिकीट आपोआप दुसऱ्या पायरीवर जाऊ द्या.

तिथल्या माणसाला पैशाचे अधिकार हवेत. ठरावीक रकमेपर्यंतचा रिफंड, समजा ३,००० रुपये, त्याला कोणालाही न विचारता देता आला पाहिजे. नाहीतर तोही ग्राहकाकडे बिल आणि फोटो पुन्हा मागत बसतो. एकाच तिकिटात बिल दोनदा मागितलेलं दिसलं, तर दुसरी पायरी नुसती नावाला आहे असं समजा.

पुढच्या भागाआधी एवढं करा: गेल्या महिन्याच्या बंद तिकिटांत 'फुगली', 'गरम', 'वास' हे शब्द शोधा. जी सापडतील, त्यांच्या ग्राहकांना आजच फोन करा.